होकार देता येईल असं पत्र

‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाचा लाभ आमच्या परिषदेस व्हावा, ही नम्र विनंती.’ उद्योगातल्या एखाद्या जाणकाराला भाषणासाठी बोलावणारी आपल्याकडची किती तरी पत्रं एवढ्यावरच संपतात. वर संस्थेचा इतिहास असतो, खाली अध्यक्षांची सही असते. मधे तारखेच्या जागी ‘डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात’ असं लिहिलेलं असतं. पत्र आदरानंच लिहिलेलं असतं, त्यात शंका नाही. पण ज्याच्या हाती ते पडतं, त्याला त्यावरून ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही. मग तो थांबतो, आयोजकही थांबतात आणि शेवटच्या पंधरवड्यात धावपळ सुरू होते.

व्याख्यात्यांना बोलावण्याची आपली परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. तेव्हापासून गावोगावच्या व्याख्यानमालांनी प्राध्यापक, लेखक, पुढारी, वैद्य यांना बोलावलं, आणि निमंत्रणाची आपली भाषा तिथंच घडली. त्या वक्त्यांचा वेळ बहुतेक करून त्यांच्या स्वतःच्या हातात असे आणि ते जे बोलत तेही त्यांचं स्वतःचं असे. कारखान्यात नोकरी करणाऱ्या तज्ज्ञाचं तसं नाही. त्याचा कामाचा दिवस कंपनीचा असतो. त्याच्या माहितीतलाही बराच भाग कंपनीचा असतो. त्यामुळे आपलं पत्र त्याच्यानंतर आणखी तीन-चार जण वाचतात: त्याचे वरिष्ठ, मनुष्यबळ विभाग, कधी कायदेशीर बाबी पाहणारं कुणी, आणि सरतेशेवटी आपल्याच संस्थेचा हिशेबनीस. ज्यांनी आपल्याशी फोनवर एक शब्दही बोललेलं नाही, अशा या माणसांना ते पत्र स्वतःहून कळलं पाहिजे.

हे कसं करायचं ते एका उदाहरणानं पाहू. समजा, कोल्हापुरात फाउंड्री व्यवसायाची एक दिवसाची परिषद भरवायची आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यातल्या फाउंड्र्या वाहनांना आणि यंत्रांना लागणारं कास्टिंग करतात. बोलवायचं आहे पुण्यातल्या एका मोठ्या कास्टिंग कंपनीत गुणवत्ता विभाग सांभाळणाऱ्या बाईंना. वीसेक वर्षं त्यांनी वाळूच्या साच्यांमधले दोष शोधण्यात घालवली आहेत.

पहिला प्रश्न तारखेचा वाटतो, पण तो नाही. आधी समोर कोण बसणार हे ठरवावं लागतं, कारण विषय त्यावरून ठरतो आणि विषय ठरल्याशिवाय योग्य माणूस ठरत नाही. ‘दीडशे श्रोते अपेक्षित’ या वाक्यातून वक्त्याला काहीच मिळत नाही. दीडशे मालक असतील तर त्यांना खर्च, ग्राहकाची नाराजी आणि नवीन यंत्र घ्यावं की नाही हे ऐकायचं असतं. दीडशे सुपरवायझर असतील तर उद्या सकाळच्या पाळीत काय बदलायचं ते हवं असतं. इंजिनीअरिंगची दीडशे मुलं असतील तर दोष म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागते. एकाच भाषणात तिघांचं समाधान करायला गेलं की तिघंही अर्धवट घेऊन घरी जातात.

आपल्या परिषदेत समजा नव्वद सुपरवायझर आणि मोल्डिंग विभागातली माणसं, चाळीस मालक किंवा भागीदार आणि वीस विद्यार्थी येणार आहेत. हे नुसतं लिहायला पाच मिनिटं लागतात, पण लिहिताच विषय बदलतो. आयोजकांच्या मनात आधी ‘फाउंड्री उद्योगापुढील भविष्यकालीन आव्हानं’ असं काहीसं होतं. नव्वद सुपरवायझर समोर असतील तर तो विषय त्यांच्या डोक्यावरून जाईल. त्यांना रोज छळणारी गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात रिजेक्शन वाढतं. ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी यांचं मिश्रण. त्यात पाणी साधारण तीन ते चार टक्के ठेवतात. वाळू उघड्यावर भिजली आणि मिश्रण करणाऱ्यानं पाणी सवयीनंच ओतलं, की ओलावा वाढतो. वितळलेलं लोखंड साच्यात पडताच त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. त्यांना ब्लो होल म्हणतात. कधी त्या वरूनच दिसतात, कधी ग्राहकाकडे मशिनिंग करताना उघड्या पडतात आणि तोवर सगळा माल गेलेला असतो. परिषद डिसेंबरमध्ये असेल तर जून ते सप्टेंबरची रिजेक्शनची रजिस्टरं प्रत्येक फाउंड्रीकडे तयार असणार. मग विषय होतो: ‘पावसाळ्यातलं ब्लो होल रिजेक्शन: वाळूच्या चाचण्या आणि रोजची नोंद.’ आता बाईंना कळतं की आपल्यालाच का बोलावलं आहे, आणि त्यांच्या वरिष्ठांनाही कळतं की या भाषणात कंपनीचं कोणतंही गुपित उघडं होणार नाही.

भाषेचाही उल्लेख इथंच करावा. श्रोते मराठीतून ऐकणार, स्लाइडवरच्या संज्ञा इंग्रजीत चालतील, एवढं सांगितलं तरी वक्त्याची तयारी वेगळी होते. पुण्यातल्या कंपनीत त्यांचं सगळं सादरीकरण इंग्रजीत असतं. मराठीत बोलायचं आहे हे आदल्या रात्री कळलं, तर चांगला वक्ताही अडखळतो.

मग तारीख. ही एकच एक देऊ नये आणि आठवडाही देऊ नये. दोन किंवा तीन नेमक्या तारखा द्याव्यात, आणि त्या आधी आपण चाळून घेतलेल्या असाव्यात. 2026 सालच्या वर्षअखेरीचे शनिवार घेऊ. 28 नोव्हेंबर वरवर मोकळा दिसतो, पण महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस माल पाठवण्याच्या घाईचे असतात. त्या दिवशी मालक आला तरी सुपरवायझर सुटत नाही. 5 डिसेंबरला श्रोते येतील, मात्र दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन असल्यानं मुंबईकडच्या गाड्यांना प्रचंड गर्दी असते आणि पुण्याकडे परतणाऱ्या वक्त्याला जागा मिळणं अवघड जातं. 12 डिसेंबर बरा. त्याच्या आदल्या दिवशी, 11 तारखेला, विक्रीचं जीएसटी विवरण भरून झालेलं असतं आणि आगाऊ प्राप्तिकराची मुदत 15 तारखेला असते, म्हणजे मालकांना मधे थोडी उसंत असते. शिवाय वसाहतीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते तेही विचारावं. ती सगळीकडे रविवारी नसते. भोसरी-पिंपरीकडे अनेक कारखान्यांना ती गुरुवारी असते. पुण्याचा वक्ता गुरुवारी मोकळा असेल, पण त्याच दिवशी आपले श्रोते कामावर असतील. या तारखा वक्त्यापुढे ठेवताना कोणती आपल्याला सर्वांत सोयीची तेही सांगावं, म्हणजे त्या माणसाला निवड करणं सोपं जातं.

परिषद 12 डिसेंबरला असेल तर पत्र कधी जायला हवं? इथं रेल्वेचा हिशेब कामाला येतो. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. 12 डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण 13 ऑक्टोबरला उघडेल, आणि तोवर होकार लेखी हवा. त्या होकारासाठी कंपनीची परवानगी लागते, तिला तीन-चार आठवडे सहज जातात. मधे सण आहेत: 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि 11 ऑक्टोबरपासून नवरात्र. गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यातलं कोणतंही कार्यालय अशा अर्जावर घाईनं सही करत नाही. म्हणून पत्र ऑगस्ट संपण्याआधी पोहोचलं पाहिजे. साडेतीन महिने हा काळ कुणाला फार वाटतो, पण उलटा मोजत आलं की त्यातला एकही आठवडा रिकामा सापडत नाही.

आता मानधन. इथं आपण सगळेच संकोचतो आणि त्या संकोचाचा त्रास वक्त्याला होतो. आयोजकाला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाला पैशांचं कसं विचारायचं. वक्त्याला वाटतं, आपण विचारलं तर लोभी दिसू. मग ‘यथाशक्ती’, ‘आमच्या परीनं’ असे शब्द येतात आणि कार्यक्रम संपल्यावर शाल-श्रीफळाबरोबर एक पाकीट हातात पडतं. ते घरी जाऊन उघडेपर्यंत त्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. माझं ठाम मत आहे की आकडा आयोजकानंच आधी आणि लेखी सांगावा. तो कमी असला तरी चालतो. दहा हजारांत येणारी माणसं आहेत, आणि एक रुपयाही न घेता येणारीही आहेत. न सांगितलेला आकडा मात्र माणसाला अडचणीत टाकतो, कारण नोकरदार तज्ज्ञाला तो आपल्या कंपनीला कळवावा लागतो.

पुष्कळ कंपन्यांचा नियम असा असतो की कर्मचाऱ्यानं बाहेरच्या भाषणासाठी पैसे घ्यायचे नाहीत, किंवा परवानगी घेऊन घ्यायचे. सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनाही अशा मोबदल्यासाठी नियम असतात. म्हणून पत्रात आकड्याबरोबर पर्यायही द्यावा: आपल्या संस्थेच्या नियमांत मानधन बसत नसेल तर ते न घेण्याचा निर्णय आम्हाला पूर्ण मान्य आहे, प्रवास व निवास मात्र आमच्याकडेच राहील. काही जण ती रक्कम एखाद्या संस्थेला देणगी द्यायला सुचवतात. तसं झालं तर देणगी आयोजकानं स्वतःच्या नावानं द्यावी आणि वक्त्याला नुसतं कळवावं, म्हणजे ते पैसे वक्त्याच्या उत्पन्नात धरले जाण्याचा प्रश्न उरत नाही.

आपल्या उदाहरणात एक तासाचं भाषण, अर्धा तास प्रश्नोत्तरं आणि आदल्या दिवशी दुपारी दोन फाउंड्र्यांना भेट, यासाठी समजा 25,000 रुपये ठरले. यात करकपात होईल का, हे पत्रातच सांगावं. व्यावसायिक सेवेच्या मोबदल्यावर दहा टक्के कपात करावी लागते ती एकाच व्यक्तीला वर्षभरात दिलेली रक्कम 50,000 रुपयांच्या वर गेली तर. ही मर्यादा एप्रिल 2025 पासूनची आहे, आधी ती 30,000 होती. म्हणजे 25,000 रुपयांवर कपात बंधनकारक नाही. पण त्याच बाईंना आपण मार्चमध्ये प्रशिक्षणासाठी पुन्हा बोलावलं आणि 30,000 दिले, तर वर्षाची बेरीज 55,000 होते आणि कपातीचा विचार करावा लागतो. काही संस्थांचे हिशेबनीस सावधगिरी म्हणून पहिल्यापासूनच दहा टक्के कापतात. तसं असेल तर ‘25,000 रुपये, दहा टक्के कपातीनंतर खात्यात 22,500’ असं स्पष्ट लिहावं. खात्यात अडीच हजार कमी आल्यावर चौकशीचा फोन करावा लागणं वक्त्याला नकोसं असतं, आणि तो बहुतेक वेळा फोन करतच नाही. पुढच्या वर्षी नुसता ‘वेळ नाही’ म्हणतो. पॅन क्रमांक आधीच मागून घ्यावा, कारण तो नसेल तर कपात लागू झाल्यावर दर वीस टक्के होतो. आणि वक्ता स्वतःचा सल्ला-व्यवसाय करणारा, जीएसटीची नोंदणी असलेला असेल, तर त्याचं बिल अठरा टक्के जादा येईल. 25,000 ठरवलेत आणि बिल 29,500 चं आलं, तर ती वक्त्याची चूक नसते. आकड्यात कर धरलेला आहे की नाही, हे लिहायचं राहिलेलं असतं.

इतकं सगळं ठरलं की पत्र अवघड राहत नाही. ते साधारण असं होतं:

‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर परिसरातील फाउंड्री चालकांची एक दिवसाची परिषद शनिवार, 12 डिसेंबर 2026 रोजी आम्ही आयोजित करीत आहोत. ही तारीख आपणांस गैरसोयीची असल्यास 19 डिसेंबरचाही विचार करता येईल. सकाळी 11 ते 12.30 या सत्रात “पावसाळ्यातले ब्लो होल रिजेक्शन: वाळूच्या चाचण्या आणि रोजची नोंद” या विषयावर आपण एक तास बोलावे आणि अर्धा तास प्रश्नांना द्यावा, अशी विनंती आहे.

श्रोते सुमारे दीडशे असतील. त्यांपैकी नव्वद सुपरवायझर व मोल्डिंग विभागातील कर्मचारी, चाळीस उद्योजक आणि वीस विद्यार्थी आहेत. बहुतेकांना ग्रीन सँडच्या ओलाव्याची चाचणी माहीत आहे. नोंदी ठेवण्यात मात्र सातत्य नाही. भाषण मराठीत अपेक्षित आहे.

आपल्या कंपनीची कोणतीही गोपनीय माहिती, ग्राहकांची नावे अथवा आकडे अपेक्षित नाहीत. स्लाइड आधी पाहून घेण्याची आपल्या कार्यालयाची पद्धत असल्यास तेवढा वेळ आम्ही राखून ठेवू. भाषणाचे ध्वनिचित्रमुद्रण, छायाचित्रे आणि स्लाइडचे वाटप यांसाठी आपली परवानगी आहे का, हे तीनही स्वतंत्रपणे कळवावे.

मानधन रु. 25,000 असून ते परिषदेनंतर सात दिवसांत आपल्या बँक खात्यात जमा होईल. यातून करकपात होणार नाही. आपल्या संस्थेच्या नियमांनुसार मानधन स्वीकारता येत नसल्यास तसे कळवावे. पुणे-कोल्हापूर-पुणे प्रवास, 11 डिसेंबरचा निवास व स्थानिक वाहन यांची व्यवस्था आमच्याकडे आहे.

आपणांस काही कारणाने येणे शक्य न झाल्यास शक्य तितक्या लवकर कळवावे. परिषद आमच्याकडून रद्द झाल्यास आपला झालेला प्रवासखर्च आम्ही देऊ.

आपला निर्णय 20 सप्टेंबरपर्यंत कळल्यास पुढील तयारी करता येईल. कार्यालयीन परवानगीसाठी आपल्या वरिष्ठांच्या नावे स्वतंत्र पत्र हवे असल्यास ते लगेच पाठवू.’

एका पानाचं पत्र. संस्थेचा इतिहास दुसऱ्या कागदावर जोडावा. बाईंनी हे पत्र आपल्या वरिष्ठांना एकही ओळ न जोडता पुढे पाठवलं, तरी त्यांना निर्णय घेता येतो. ते जाण्याआधी एक फोन अवश्य करावा, आणि शक्य असेल तर त्या क्षेत्रातल्या ओळखीच्या माणसाकडून करवून घ्यावा. आपल्याकडे अनोळखी पत्रापेक्षा ओळखीचा शब्द लवकर पोहोचतो. पण फोनवर मिळालेल्या होकारावर पत्रिका छापू नये.

हे का म्हणतो ते सांगतो. परिषदांच्या आयोजनात वावरणाऱ्या प्रत्येकाला ‘बघू, जमवू या’ हे उत्तर ओळखीचं आहे. ते नकार नसतो, पण होकारही नसतो. खरा होकार ओळखता येतो. ज्याला यायचं असतं तो प्रश्न विचारतो: मायक्रोफोन कॉलरचा आहे का, नमुने ठेवायला टेबल मिळेल का, माझ्या आधी कोण बोलणार आहे, त्यांचा विषय काय. तो भाषणाचं शीर्षक स्वतः थोडं बदलतो. परिचय आणि फोटो मागितल्यावर दोन-चार दिवसांत पाठवतो. याउलट तीन आठवडे झाले, शीर्षक तसंच राहिलं, परिचय आला नाही, प्रश्न एकही नाही, तर समजावं की परवानगी अडली आहे आणि सांगायला संकोच वाटतो आहे. अशा वेळी आठवणींचा मारा करू नये. सरळ फोन करून म्हणावं, ‘मॅडम, कंपनीकडून अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा, आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा विचारू. तुमच्या माहितीत दुसरं कुणी असेल तर नाव सुचवा.’ या एका वाक्यानं माणूस सुटतो. त्यानं सुचवलेलं दुसरं नाव बहुधा निवृत्त झालेल्या, स्वतःच्या वेळेचा मालक असलेल्या एखाद्या अनुभवी माणसाचं असतं, आणि तो कित्येकदा अधिक मोकळेपणानं बोलतो.

होकार आला की प्रवास. पुणे-कोल्हापूर रस्त्यानं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचं अंतर आहे. कागदावर चार-पाच तास, पण महामार्गावर काम चालू असेल तर किती, हे सांगता येत नाही. सकाळी अकराच्या सत्रासाठी त्याच दिवशी पहाटे पुण्याहून मोटारीनं निघायला लावणं मला योग्य वाटत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं येण्याचा पर्याय असतो, आणि तिथं एक नेहमीची गफलत होते. ही गाडी मुंबईहून रात्री निघते आणि पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर पोहोचते. म्हणजे गुरुवारी रात्री जेवून गाडीत बसायचं असेल, तर पुण्यातून चढण्याचं तिकीट शुक्रवारच्या तारखेचं लागतं. गुरुवारचं काढलं तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. तिकीट काढणाऱ्यानं आणि वक्त्यानं, दोघांनीही वार आणि तारीख मोठ्यानं बोलून पडताळून घ्यावी.

तीच गाडी कोल्हापुरात सकाळी लवकर पोहोचते आणि हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळते. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला चार-पाच तास स्वागतकक्षात बसवून ठेवणं हा आपल्याकडचा फार सर्रास घडणारा दुर्लक्षाचा प्रकार आहे. उपाय साधा आहे: खोली आदल्या रात्रीपासून घ्यावी. एका रात्रीचं भाडं जादा जातं, पण वक्ता अंघोळ, नाश्ता आणि दोन तासांची झोप घेऊन दुपारी फाउंड्री बघायला ताजा होतो. हॉटेलचं बिल संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या जीएसटी क्रमांकावर काढायला आधीच सांगावं. नंतर बदलून घेणं कटकटीचं होतं. जेवणाचं, औषधांच्या वेळांचं, जिना चढण्याचं विचारावं. कोल्हापुरात पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घालण्याची हौस प्रत्येकाला असते. भाषणाच्या आदल्या रात्री तो आग्रह आवरता घ्यावा.

आदल्या दिवशीची फाउंड्री भेट या परिषदेत मला सगळ्यांत मोलाची वाटते. पुण्याच्या मोठ्या कंपनीत वाळूची चाचणी यंत्रावर दर तासाला होते. इथल्या लहान फाउंड्रीत मिश्रण करणारा माणूस वाळू मुठीत दाबून ओलावा ओळखतो, आणि अनुभवी हात बऱ्याचदा बरोबरही ठरतो. बाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी त्या ‘यंत्र घ्या’ असं म्हणून थांबणार नाहीत. मुठीचा अंदाज आणि यंत्राचा आकडा महिनाभर शेजारी-शेजारी कसे लिहायचे, ते सांगतील. त्यासाठी दोन फाउंड्र्यांच्या मालकांची आधी संमती घ्यावी, आणि त्या दिवशी मोल्डिंग चालू असेल याची खात्री करावी. बंद विभाग दाखवून काही उपयोग नाही.

श्रोत्यांचे प्रश्नही दोन आठवडे आधी मागवावेत. प्रत्येक फाउंड्रीनं दोष असलेलं एक कास्टिंग, त्या दिवसाच्या वाळूच्या नोंदी आणि भट्टीची वेळ एवढं आणलं तर प्रश्नोत्तरांचा अर्धा तास सोन्याचा होतो. मात्र कास्टिंगवर ग्राहकाचा भाग क्रमांक उठवलेला असतो, आणि कुणाचा किती माल बाद झाला हे शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला कळू नये असं मालकाला वाटतं. ते रास्त आहे. तुकडे स्वीकारताना क्रमांकावर चिकटपट्टी लावावी आणि फाउंड्रीच्या नावाऐवजी एक ते वीस असे आकडे द्यावेत. कोणता आकडा कुणाचा, हे आयोजकांपैकी एकालाच माहीत असावं. हे केलं नाही तर टेबलावर एकही तुकडा येत नाही, आणि वक्त्याला पुस्तकातली छायाचित्रं दाखवावी लागतात.

सभागृहाचं थोडक्यात सांगतो. दोषांची छायाचित्रं दाखवायची असतील तर प्रोजेक्टर चांगला हवा आणि पडद्यावरचे दिवे वेगळे बंद होणारे हवेत. मिलिमीटरभराची पोकळी उजेडात दिसत नाही. वक्त्याचा लॅपटॉप आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष जोडून पाहावा. जनरेटर आहे का, आणि तो चालू व्हायला किती वेळ लागतो, हे विचारावं. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार आणि पाहुण्यांची मनोगतं यांत तासभर सरकला की अकराचं सत्र बाराला सुरू होतं, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून प्रश्नोत्तरं कापली जातात. ज्यासाठी माणसाला दोनशे किलोमीटरवरून आणलं, तेच जातं. म्हणून उद्घाटनाचे सत्कार शक्यतो दुपारच्या शेवटच्या सत्रात न्यावेत, आणि अध्यक्षांना तसं आधी विश्वासात घेऊन सांगावं.

परिषद संपल्यावर सात दिवसांत पैसे गेलेच पाहिजेत, कारण ते आपण लिहून दिलेलं असतं. त्याच आठवड्यात दोन पत्रं जावीत. एक बाईंना, उत्तर द्यायचे राहून गेलेले प्रश्न आणि श्रोत्यांनी लिहून दिलेले अभिप्राय जोडून. दुसरं त्यांच्या वरिष्ठांना, ज्यांनी आपला माणूस दोन दिवस सोडला: किती जण आले, कोणत्या विषयावर चर्चा झाली, कंपनीची कोणतीही माहिती बाहेर गेली नाही, आणि कार्यक्रमाची तीन-चार छायाचित्रं. हे दुसरं पत्र फार थोडे आयोजक पाठवतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावचं निमंत्रण त्याच टेबलावर परवानगीसाठी जातं, तेव्हा त्या फाइलमध्ये हे पत्र लावलेलं असतं.